जुना नंबर कायमचा गेला? आधी बँकेच्या शाखेत चला

आमच्या एका होडीवाल्याचा फोन पाण्यात गेला. जुनं सिम त्यांनी परत काढलं नाही, रिचार्जही बंद. काही महिन्यांनी कंपनीने तो नंबर दुसऱ्याला दिला आणि बँकेचे ओटीपी त्या अनोळखी माणसाला जायला लागले.

ॲपमधून नंबर बदलायला गेलं तर ओटीपी जुन्याच नंबरवर जातो. म्हणून पासबुक, ओळखपत्र घेऊन शाखेत जा नि अर्ज भरा. सही खात्यातल्यासारखीच करा, नाहीतर अर्ज परत येतो.

आधारमध्ये नंबर बदलला म्हणून बँकेत आपोआप बदलत नाही. आधारसाठी आधार केंद्रात वेगळं जा. जाळं ओढून बोटं झिजली असतील, तर डोळ्यांनी ओळख पटवायला सांगा.

शेवटी एटीएममधून शंभर रुपये काढून बघा. मेसेज नव्या नंबरवर आला तरच काम झालं.