तीन भागिले दोन नव्हे! : भोकं पाडलेल्या त्रिकोणाची मिती



रेषेला एक मिती, कागदाला दोन, खोक्याला तीन. हे आपण सगळेच वर्गात सांगतो. मीही सांगत होते. मग आमच्या सांगवीच्या शाळेत पाचवीच्या वर्गात एक त्रिकोण काढला आणि त्याला यातलं कोणतंच माप बसेना. शेवटी त्याची मिती १.५८५ निघाली. ती कशी निघते आणि मी आधी काय चुकले, ते आज सांगते. कृती पाचवीची मुलं करतात. त्यातलं गणित मात्र आपल्यासाठी आहे.

कार्डशीटवर ३२ सेंटीमीटरची एक रेघ आखा. आपल्या कंपासचं तोंड एवढं उघडत नाही, म्हणून ३२ सेंटीमीटरचा दोरा घ्या. रेघेच्या दोन्ही टोकांवरून एकेक कंस काढा आणि कंस छेदतील तो बिंदू टोकांना जोडा. समभुज त्रिकोण तयार. आता तिन्ही बाजूंचे मध्यबिंदू जोडा. आत चार सारखे त्रिकोण दिसतील, त्यातला मधला उलटा त्रिकोण काढून टाकायचा. उरलेल्या तिघांवर पुन्हा हेच, मग उरलेल्या नवांवर पुन्हा हेच.

काढून टाकायचा म्हणजे कात्रीने कापू नका बरं का. मी पहिल्यांदा कापला. मधला त्रिकोण निघाला आणि उरलेले तीन तुकडे सुटून खाली पडले, कारण ते एकमेकांना फक्त टोकाच्या बिंदूत चिकटलेले असतात. तेव्हा काढायचा भाग स्केचपेनने काळा करा. ३२ ही बाजू मुद्दाम घेतली आहे. ती निम्मी करत गेलं की १६, ८, ४, २, १ असे पूर्ण सेंटीमीटर येतात आणि मुलं अडत नाहीत.

पाच पायऱ्या झाल्या की १ सेंटीमीटर बाजूचे पांढरे त्रिकोण उरतात. त्यांची संख्या ३, ९, २७, ८१, २४३ अशी वाढत जाते. हे गिरवायला आम्हाला दोन तास लागले.

आता या उरलेल्या पांढऱ्या आकृतीचं माप घेऊ. आधी क्षेत्रफळ. दर पायरीला चार भागांतले तीन उरतात. मूळ त्रिकोणाचं क्षेत्रफळ साधारण ४४३ चौरस सेंटीमीटर आहे. पाच पायऱ्यांनंतर सुमारे १०५ उरतं, म्हणजे पाव हिश्श्यापेक्षाही थोडं कमी. पायऱ्या कधीच थांबवल्या नाहीत तर ते शून्याकडे जातं. मग काठांची लांबी बघू. सुरुवातीला परिमिती ९६ सेंटीमीटर. दर पायरीला ती दीडपट होते: १४४, २१६, ३२४, ४८६, ७२९. ताळा करायचा तर २४३ त्रिकोण, प्रत्येकाची परिमिती ३, गुणाकार ७२९. बरोबर. म्हणजे लांबी वाढतच जाणार, तिला अंत नाही.

एका मुलीने विचारलं, "बाई, कागद संपत चाललाय आणि काठ वाढतोय, मग शेवटी उरतं काय?" प्रश्न एकदम नेमका आहे. लांबीच्या मापाने मोजलं तर उत्तर अनंत, क्षेत्रफळाच्या मापाने मोजलं तर शून्य. म्हणजे आकृती रेषेपेक्षा जास्त आणि कागदापेक्षा कमी आहे. तिची मिती एक आणि दोनच्या मध्ये कुठेतरी असणार.

कुठे, हे ठरवायला मितीचा अर्थ जरा वेगळ्या तऱ्हेने बघावा लागतो. एक रेघ दुप्पट करा, तिच्यात मूळ रेघेसारख्या २ रेघा बसतात. चौरसाची बाजू दुप्पट करा, मूळ चौरस ४ बसतात. घनाकृती खोक्याच्या सगळ्या बाजू दुप्पट करा, खोकी ८ बसतात. दोन, चार, आठ. म्हणजे २ चा पहिला घात, दुसरा घात, तिसरा घात. तो घातांक म्हणजेच मिती! साधा भरीव त्रिकोण दुप्पट केला तरी ४ च बसतात (त्यातला एक उलटा), म्हणून त्याची मिती २.

आता आपला भोकांचा त्रिकोण घ्या. तो दुप्पट केला तर त्यात मूळ आकृतीच्या किती प्रती असतात? तीन. मधे तर भोकच आहे. म्हणून प्रश्न असा होतो: २ चा कितवा घात ३ आहे?

इथे मी घसरले. मुलांसमोर फळ्यावर लिहून मोकळी झाले, "तीन प्रती, दोनपट, म्हणून ३ भागिले २, मिती दीड." ऐकायला किती छान वाटतं! संध्याकाळी अकरावीतल्या भाचीला दाखवलं. ती म्हणाली, "मावशी, मग चौरसाला पण तसंच करून बघ ना." केलं. ४ भागिले २ बरोबर २, जुळलं. खोक्याला केलं. ८ भागिले २ बरोबर ४. खोक्याला चार मिती! चौरसाला उत्तर योगायोगाने जुळलं होतं, एवढंच. दुसऱ्या दिवशी फळ्यावरचं दीड मुलांसमोरच खोडलं.

घातांक शोधायचा तर भागाकार संख्यांचा नाही, त्यांच्या लॉगचा करायचा. लॉग घेतला की घात गुणाकार होऊन खाली येतो. २ चा 'मि'वा घात ३ असेल, तर मि गुणिले लॉग २ बरोबर लॉग ३. अकरावीच्या लॉग टेबलमध्ये पाहिलं तर

मिती = लॉग ३ ÷ लॉग २ = ०.४७७१ ÷ ०.३०१० = १.५८५

भाचीच्या वर्गातली मुलंही इथे एक चूक करतात म्हणे. आधी ३ ला २ ने भागतात आणि मग लॉग घेतात. त्याचं उत्तर ०.१७६१ येतं. उत्तर एकपेक्षा कमी आलं की समजायचं, गडबड झाली. आपली आकृती रेषेपेक्षा कमी असूच शकत नाही, कारण मूळ त्रिकोणाच्या तीन बाजू तर तिच्यात अखंड आहेत.

लॉग टेबल हाताशी नसेल तर? मला ही रीत जास्त आवडते. मिती दीड आहे असं धरा. मग ३ चा वर्ग आणि २ चा घन सारखे यायला हवेत. ९ आणि ८. नऊ मोठा, म्हणून मिती दीडपेक्षा जास्त. आता १.६, म्हणजे आठ पंचमांश धरा. मग ३ चा पाचवा घात आणि २ चा आठवा घात सारखे हवेत. २४३ आणि २५६. या वेळी ३ चा घात लहान, म्हणून मिती १.६ पेक्षा कमी. झालं, १.५ आणि १.६ च्या मध्ये आलो, तेही नुसत्या गुणाकाराने.

असं करत कुठल्या तरी अपूर्णांकाला बरोबर उत्तर सापडेल का? कधीच नाही. ३ चा कोणताही घात विषम असतो, २ चा कोणताही घात सम. विषम आणि सम संख्या सारख्या होणार कशा? 'अपूर्णांकी मिती' असा शब्द वापरतात, पण ही संख्या अपूर्णांकात लिहिता येतच नाही, ती अपरिमेय आहे. चौथीतलं सम-विषम इथे कामी आलं याची मला गंमत वाटली.

ही आकृती पोलंडचे गणिती सिअरपिन्स्की यांनी १९१५ मध्ये मांडली, म्हणून तिला सिअरपिन्स्कीचा त्रिकोण म्हणतात. अशा आकृत्यांसाठी 'फ्रॅक्टल' हा शब्द मात्र मँडेलब्रॉट यांनी १९७५ मध्ये दिला.

एक मर्यादा सांगायलाच हवी. आपल्या कार्डशीटवरच्या चित्राची मिती १.५८५ आहे का? ३२ सेंटीमीटरपासून १ सेंटीमीटरपर्यंतच आहे. तिथे माप निम्मं केलं की संख्या तिप्पट होते, २७ च्या ८१, ८१ च्या २४३. पण आता अर्धा सेंटीमीटर बाजूच्या त्रिकोणांनी पांढरा भाग मोजा. शेवटचे २४३ त्रिकोण भरीव आहेत, प्रत्येकात ४ बसतील, एकूण ९७२. तिपटीऐवजी चौपट झाली, म्हणजे मिती पुन्हा २! चित्र जिथे थांबलं तिथून खाली तो साधा कागदच. म्हणून मोजताना सलग दोन-तीन मापांना पट तीच येते का, हे बघायचं. एकाच मापावरून उत्तर काढायचं नाही. शिवाय आकृतीचा नियम बदलला की आकडाही बदलतो. एका मुलाने चुकून बाजूंचे दोनाऐवजी तीन भाग केले. ९ त्रिकोण झाले, त्यातले ३ उलटे त्याने काळे केले, ६ उरले. त्याची मिती लॉग ६ भागिले लॉग ३, म्हणजे १.६३१. त्याचं चित्र चुकलेलं नव्हतं, वेगळं होतं.

लहान वर्गांना पेन्सिल-पट्टी जमत नसेल तर ठिपक्यांच्या रांगोळीने करा. वर एक ठिपका, खाली दोन, मग तीन, अशा १६ ओळी. प्रत्येक ओळीचे दोन्ही टोकांचे ठिपके रंगवायचे. मधल्या ठिपक्यासाठी त्याच्या वरचे दोन ठिपके पाहा. दोघांपैकी एकच रंगीत असेल तर हा रंगवा. दोन्ही रंगीत किंवा दोन्ही कोरे असतील तर कोरा सोडा. हा नियम म्हणजे विषम अधिक विषम बरोबर सम. पिंगलाच्या छंदःशास्त्रावर दहाव्या शतकात टीका लिहिणाऱ्या हलायुधाने वर्णन केलेला मेरुप्रस्तार, ज्याला आपण पास्कलचा त्रिकोण म्हणतो, त्यातल्या विषम संख्या तेवढ्या आपण रंगवतोय.

रांगोळी पुरी झाली की कोऱ्या जागांचे उलटे त्रिकोण आपोआप दिसू लागतात. मोजा: ८ ओळींत ३६ पैकी २७ ठिपके रंगीत, १६ ओळींत १३६ पैकी ८१. ओळी दुप्पट, रंगीत ठिपके तिप्पट, म्हणजे पुन्हा तोच त्रिकोण. एकूण ठिपके ३६ चे १३६ झाले, ती बरोबर चौपट नाही. घाबरू नका, ओळी वाढवल्या की ती पट चारच्या जवळ जात राहते.

मुलं एखादा ठिपका चुकली तर चूक तिथेच थांबत नाही, खाली पसरत जाते. ती लवकर पकडायची खूण अशी: दुसरी, चौथी, आठवी आणि सोळावी ओळ पूर्ण रंगीत हवी आणि नववीत फक्त टोकाचे दोन ठिपके. आमच्या व्हरांड्यात आठव्या ओळीत एक ठिपका कोरा राहिला, तेव्हा पाचव्या ओळीपासून पुसून पुन्हा घातली.