सिझरनंतरचं पहिलं उठणं

प्रिय मुक्ता,

सिझरच्या बाईला पहिल्यांदा उठवताना धीर होत नाही, असं तू फोनवर म्हणालीस. आज तेवढ्याच एका कामाबद्दल लिहिते, कारण बाळंतिणीचं पुढचं बरंचसं त्यातच कळून येतं.

नातेवाईक म्हणतील, "टाके तुटतील, निजू द्या." त्यांना शांतपणे सांग की टाके आतून थराथरांत घातलेले असतात, चालल्याने ते तुटत नाहीत. पडून राहण्याचा धोका मात्र खरा आहे. गरोदरपणात रक्त लवकर गोठू लागतं आणि बाळंतपणानंतर साधारण सहा आठवडे तसंच राहतं. पोटरीच्या शिरेत गुठळी झाली आणि ती फुप्फुसात गेली, तर जिवावर बेततं. म्हणून एकच पाय सुजला किंवा एकच पोटरी दुखू लागली, तर ती चोळू नकोस. डॉक्टरांना कळव.

बहुतेक बायका सहा ते बारा तासांत उठू शकतात. पण घड्याळाकडे बघण्याआधी बाईकडे बघ. पाठीतल्या इंजेक्शनचा असर गेला का? दोन्ही गुडघे स्वतःहून दुमडता येतात का? मग नाडी, बीपी, पॅड आणि गर्भाशय. यातलं नाडीचं फार महत्त्वाचं. आमच्याकडे एक पहिलटकरीण होती, ऑपरेशनला आठ तास झालेले. बीपी ११०/७०, पॅडवरही फारसं काही नाही. नाडी मात्र ११६. बेंबीपाशी हात ठेवला तर गर्भाशय मळलेल्या कणकेसारखं मऊ. ते घट्ट व्हावं म्हणून जखमेला धक्का न लावता वरच्या बाजूने चोळलं, तशा आत साचलेल्या गुठळ्या बाहेर आल्या. डॉक्टरांनी लगेच ऑक्सिटोसिन सुरू केलं, आणि तिला उठवलं ते दुसऱ्या दिवशी. तरुण बाईचं बीपी बराच रक्तस्राव होईपर्यंत टिकून राहतं, नाडी आधी बोलते. बीपी चांगलं आहे म्हणून कधी निर्धास्त राहू नकोस.

सगळं ठीक असेल तर दुखण्याचं ठरलेलं औषध अर्धा तास आधी दे. मग तिला सरळ उठून बसू देऊ नकोस. गुडघे दुमडून कुशीवर वळायचं, पाय पलंगाखाली सोडायचे आणि कोपरावर भार देत बसायचं. जखमेवर घडी केलेली चादर दाबून धरायला लाव, खोकतानाही तेच. पाच मिनिटं बसू दे. चक्कर, घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली तर परत निजव. उभी राहण्याआधी सांगून ठेव की निजून साचलेलं रक्त एकदम खाली येईल, घाबरायचं नाही. ते थोड्या वेळात कमी व्हायला हवं. तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल, तर ते साचलेलं नव्हे. बसल्यावर डोकं भयंकर दुखतं आणि निजल्यावर थांबतं, असं ती म्हणाली तर भूलतज्ज्ञांना सांग.

पहिली पावलं पलंगापासून खुर्चीपर्यंत पुरेत, आणि खुर्चीत बसली की बाळ तिच्या हातात दे. खरं तर बाळाला पहिल्या तासातच उघड्या छातीवर ठेवायचं असतं. ऑपरेशनच्या गडबडीत ते राहिलं असेल, तर आता तरी राहू देऊ नकोस. सिझरच्या आईला बाळ मांडीवर घेतलं की जखमेवर दाब येतो आणि ती दूध पाजायलाच भिते. बाळाचे पाय तिच्या बगलेतून मागे जातील असं धर, खाली उशी दे. बाळाचं तोंड मोठं उघडू दे, नुसतं स्तनाग्र नव्हे तर खालचा काळा भागही तोंडात जायला हवा. चीक चमचाभरच येतो, पण सुरुवातीला बाळाला तेवढा पुरतो. सिझरनंतर दूध भरायला एखादा दिवस जास्त लागू शकतो. त्या दिवसात घरचे मध, गुटी, वरचं दूध घेऊन येतील. त्यांना चार शब्द गोड बोल, पण ते बाळाला देऊ नकोस. बाळाला वारंवार पाजायला लाव आणि लघवी किती वेळा होते ते लिहून ठेव.

लघवीची नळी काढल्यावर सहा तासांत आईला लघवी झाली का, तेही विसरू नकोस.

जखम पहिल्या दिवशी बहुधा कोरडीच दिसते. पू होतो तो पुष्कळदा चौथ्या ते सातव्या दिवशी, म्हणजे बाई घरी गेल्यावर. ड्रेसिंग काढल्यावर पोटाची वळी हाताने उचलून खाली बघ, ओल तिथेच साचते. घरी जाताना जखम तिला आणि तिच्या आईला किंवा सासूला आरशात दाखव: ही आजची. कडेला लाली वाढत गेली, हाताला गरम लागली, पाणी किंवा वास आला, टाका सुटला किंवा ताप भरला तर त्याच दिवशी यायचं. हळद-तेल लावायचं नाही. कोमट पाण्याची आंघोळ, मऊ कापडाने टिपून कोरडं करणं, सुती सैल कपडा. पोटपट्टा बांधायचाच असेल तर जखम कोरडी झाल्यावर, तोही सैल.

तुझी रात्रपाळी संपली की फोन कर.

तुझी,
आत्या