ट्रान्झिस्टर बंद व्हायलाही वेळ लागतो

“मामा, पडदा वर जातो झकास, पण खाली घ्यायचं बटण दाबलं की फट्ट आवाज येतो आणि वास सुटतो.” भाच्याचा हा फोन आला तेव्हा काय जळलं असणार ते लगेच कळलं, का जळलं ते कळायला बराच वेळ गेला. त्याच्या पोल्ट्री शेडचे पडदे गुंडाळायला मी भंगारातली गाडीची वायपर मोटार बसवली होती. बारा व्होल्टची बॅटरी, आर्डुइनो, आणि सुट्या मॉसफेटचा एच-ब्रिज. वर दोन पी-चॅनेल आयआरएफ४९०५, खाली दोन एन-चॅनेल आयआरएलझेड४४एन. घरी टेबलावर, दोन अँपिअरच्या अ‍ॅडॅप्टरवर, हाच ब्रिज तासन्‌तास सुरळीत चालला होता.

टेबलावर चालतो आणि बॅटरीवर जळतो, ही तक्रार कुणी सांगितली की मी आता सर्वांत आधी शूट-थ्रूचा संशय घेतो. एच-ब्रिजमध्ये एकाच बाजूचे वरचा आणि खालचा असे दोन्ही मॉसफेट एकाच वेळी चालू झाले, तर मोटार बाजूला राहते आणि बॅटरीचं प्लस सरळ मायनसला भिडतं. या दोघांचा चालू स्थितीतला रोध मिळून पन्नास मिलिओहमही नसतो. तारा आणि बॅटरीचा आतला रोध धरला तरी प्रवाह शंभर अँपिअरच्या आसपास उडी मारतो. छोटा अ‍ॅडॅप्टर एवढा प्रवाह देऊच शकत नाही, तो क्षणभर मान टाकतो आणि मॉसफेट वाचतात. बॅटरी मात्र मागेल तेवढं देते.

पण माझ्या प्रोग्रॅममध्ये वरचा बंद केल्यावरच खालचा चालू होत होता. मग दोघे एकत्र चालू कसे? उत्तर पी-चॅनेलच्या गेटला लावलेल्या दहा किलोओहमच्या रेझिस्टरमध्ये होतं. पी-चॅनेल चालू करताना बीसी५४७ त्याचा गेट झटक्यात जमिनीला ओढतो. बंद करताना मात्र गेट पुन्हा बारा व्होल्टला नेण्याचं काम एकटा तो रेझिस्टर करतो, आणि दहा किलोओहममधून जेमतेम मिलिअँपिअरभर प्रवाह मिळतो. आयआरएफ४९०५चा गेट मोठा आहे, त्याचा भार दीडशे नॅनोकुलोमच्या घरातला. एवढा भार एवढ्याशा प्रवाहाने काढायचा म्हणजे शंभर-दोनशे मायक्रोसेकंद जातात. आर्डुइनोच्या दोन ओळींमध्ये पाच मायक्रोसेकंदही जात नाहीत. कागदावर वरचा बंद होता, प्रत्यक्षात तो अजून चांगलाच उघडा असताना खालचा चालू होत होता. दिशा बदलली की दरवेळी असा एक दणका. एका दणक्याने मॉसफेट मरत नाही, म्हणून थोडे दिवस सगळं बरं दिसतं.

उपाय दोन, आणि दोन्ही करावेत. पुल-अप रेझिस्टर एक किलोओहमचा करावा, बंद व्हायचा वेळ दहापट घटतो. आणि दिशा बदलताना आधी चारही बंद करून थांबावं. यासाठी पीडब्ल्यूएम फक्त खालच्या एन-चॅनेलवर ठेवावा. वरचे पी-चॅनेल दिशेपुरतेच बदलतात, म्हणून त्यांना सेकंदाला शेकडो वेळा उघडझाप करावी लागत नाही आणि हवा तेवढा वेळ थांबता येतं.

```
void badal(bool pudhe) {
  analogWrite(N_DAVA, 0);
  analogWrite(N_UJAVA, 0);
  digitalWrite(P_DAVA, LOW);
  digitalWrite(P_UJAVA, LOW);
  delay(300);
  digitalWrite(pudhe ? P_DAVA : P_UJAVA, HIGH);
}
```

मॉसफेटला यातला एक मिलिसेकंदही पुरे. बाकीचा वेळ मोटारीसाठी आहे. फिरती मोटार स्वतः जनित्रासारखा व्होल्टेज तयार करत असते, आणि ती थांबायच्या आत उलटी दिशा दिली की तो व्होल्टेज बॅटरीच्या बाजूने उभा राहतो. प्रवाह अडकलेल्या मोटारीपेक्षाही जास्त, जवळजवळ दुपटीपर्यंत जाऊ शकतो.

प्रोग्रॅम सुरू होण्याआधीचा काळही विसरू नये. आर्डुइनोला वीज मिळाल्यावर क्षण-दोन क्षण त्याच्या पिना अधांतरी असतात. एन-चॅनेलचा गेट तसाच सोडला तर तो कुठेही तरंगतो. म्हणून दोन्ही एन-चॅनेलच्या गेटपासून जमिनीला दहा किलोओहम, आणि बीसी५४७च्या बेसपासून जमिनीलाही तेवढाच.

शूट-थ्रू आहे की नाही हे ऑसिलोस्कोपशिवाय तपासता येतं. मोटार काढून ठेवा. प्लसच्या तारेत गाडीच्या इंडिकेटरचा एकवीस वॅटचा बल्ब आणि मल्टिमीटर ओळीने जोडा. ब्रिजजवळचा मोठा कपॅसिटर या चाचणीपुरता काढा, नाहीतर तोच साठवलेली वीज मॉसफेटवर ओतेल आणि बल्बचा आडोसा फुकट जाईल. आता delay दोन मिलिसेकंदांवर आणून नुसती दिशा बदलत राहा. एका वेळी एकच पी-चॅनेल चालू असतो, त्याच्या एक किलोओहममधून बारा मिलिअँपिअर जातात. मीटरवर साधारण एवढंच दिसलं पाहिजे, मधल्या थांब्यांमुळे थोडं कमी. आता एन-चॅनेलही आलटून पालटून चालू करा आणि वेग वाढवा. आकडा वेगाबरोबर चढू लागला, किंवा बल्ब अंधुक लाल झाला, तर वरचा-खालचा कुठेतरी एकमेकांत मिसळताहेत.

एवढं करून ब्रिज पुन्हा शेडवर गेला आणि महिन्याभरात एक पी-चॅनेल परत गेला. यावेळी ना आवाज, ना वास. मीटर लावला तर गेट आणि सोर्स एकमेकांना शॉर्ट. शूट-थ्रूने मेलेल्यात ड्रेन-सोर्सचा पार लगदा झालेला असतो, फक्त गेट मेला असेल तर आधी जादा व्होल्टेजचा विचार करावा.

मोटारीच्या वेटोळ्यात प्रवाह एकदा वाहू लागला की तो एका क्षणात थांबत नाही. सगळे स्विच बंद केले तरी तो वाट शोधतो. मॉसफेटमध्ये अंगचाच डायोड असतो, त्यामुळे प्रवाह खालच्या एका डायोडमधून वर चढतो, मोटारीतून जातो आणि समोरच्या वरच्या डायोडमधून प्लसच्या तारेत परत येतो. आम्ही लहानपणापासून ऐकलं, डायोड लावला की फ्लायबॅक मिटला. खरं तर डायोड फक्त वाट दाखवतो, ऊर्जा कुठे उतरणार ते सांगत नाही. बॅटरी थेट जोडलेली असेल तर ती बॅटरीत जाते. पण मी उलट्या जोडणीपासून बचाव म्हणून प्लसमध्ये एक डायोड टाकला होता. त्याने परतीची वाट बंद केली. उरला फक्त शंभर मायक्रोफॅरॅडचा एक कपॅसिटर.

हिशेब करून पाहू. मोटारीचं इंडक्टन्स एक मिलिहेन्री आणि पडदा जड जाऊ लागल्यावर प्रवाह दहा अँपिअर समजा. साठलेली ऊर्जा पन्नास मिलिज्यूल होते. ती शंभर मायक्रोफॅरॅडमध्ये शिरली की बारा व्होल्टचे चौतीस होतात. मॉसफेट पंचावन्न व्होल्टचे आहेत, मग काय बिघडलं? पी-चॅनेल चालू असतो तेव्हा त्याचा गेट जमिनीला ओढलेला असतो, म्हणजे गेट-सोर्समध्ये तेच चौतीस व्होल्ट येतात. गेटची सहनशक्ती वीस व्होल्टची. बंद करताना गेट सावकाश वर येत असतो, नेमका तेवढ्यात हा उसळा आला की आतला ऑक्साइडचा पातळ थर फुटतो. तीच ऊर्जा हजार मायक्रोफॅरॅडमध्ये गेली असती तर व्होल्टेज सोळाच्या आत राहिला असता.

म्हणून हजार ते बावीसशे मायक्रोफॅरॅड, पस्तीस व्होल्टचा कपॅसिटर, आणि तो ब्रिजला चिकटून. हातभर तारेच्या टोकाला लावलेला कपॅसिटर कामाचा नाही. त्याच्या जोडीला पॉइंट एकचा सिरॅमिक. गेट आणि सोर्समध्ये पंधरा व्होल्टचा झेनर, आणि बीसी५४७च्या कलेक्टरपासून गेटपर्यंत शंभर-दोनशे ओहम, म्हणजे झेनर चालू झाला की प्रवाहाला लगाम राहतो. प्लस-मायनसमध्ये पी६केई१८ए हा टीव्हीएस डायोड लावला की मोठे उसळे पंचवीस व्होल्टच्या आसपास कापले जातात. ज्यांच्याकडे मॉसफेटऐवजी साधे पॉवर ट्रान्झिस्टर आहेत त्यांना चारही डायोड बाहेरून लावावे लागतात. तिथे १एन४००७ लावू नये, तो बंद व्हायला फार वेळ घेतो. १एन५८२२ सारखा शॉट्की घ्यावा.

उरली उष्णता. चालू मॉसफेट तापतो असं सगळे धरून चालतात. पाच अँपिअरला आयआरएफ४९०५च्या वीस मिलिओहमवर अर्धाच वॅट खर्च होतो, हीट सिंकशिवाय तो जेमतेम तीसेक अंशांनी चढतो. पण निम्म्या पीडब्ल्यूएमवर बोट लावून पाहिलं, तर चटका बसला तो दुसऱ्या बाजूच्या, बंद असलेल्या पी-चॅनेलवर! खालचा एन-चॅनेल बंद असतो तेवढा वेळ मोटारीचा प्रवाह या बंद पी-चॅनेलच्या अंगच्या डायोडमधूनच गोल फिरतो. डायोडवर सुमारे पॉइंट आठ व्होल्ट पडतात. पाच अँपिअर, निम्मा वेळ, म्हणजे दोन वॅट. उघड्या टीओ-२२० ला प्रत्येक वॅटमागे बासष्ट अंश धरावे लागतात. मे महिन्यात शेडमध्ये चाळीस अंश असताना आतलं तापमान दीडशेच्या वर जातं, मर्यादा एकशे पंचाहत्तरची. हीट सिंक आधी तिथे हवा.

हीट सिंक लावताना एक खोड लक्षात ठेवावी. मॉसफेटची धातूची पाठ म्हणजे ड्रेन. एकाच बाजूच्या वरच्या-खालच्याचे ड्रेन तसेही मोटारीच्या एकाच टोकाला जोडलेले असतात, म्हणून ते दोघे एका पट्टीवर अभ्रकाशिवाय बसले तरी चालतात. डाव्या आणि उजव्या बाजूची पट्टी एक केली, तर अभ्रक आणि प्लास्टिकचा बुश लागतोच. वायपर मोटारीची अशीच आणखी एक खोड आहे. पुष्कळ वायपर मोटारींचा एक ब्रश आतून बॉडीला जोडलेला असतो. एच-ब्रिजवर ती बॉडी अर्धा वेळ प्लसला असते. शेडच्या लोखंडी चौकटीला बॅटरीचं मायनस लागलं असेल आणि मोटार तिच्यावरच बोल्टने आवळली, तर एका दिशेला थेट शॉर्ट. मधे रबर आणि फायबरचे वॉशर टाकून आधी मीटरने तपासावं.

पीडब्ल्यूएमची कुई ऐकू येते म्हणून भाच्याला वीस किलोहर्ट्‌झ हवं होतं. आर्डुइनोच्या पिनेतून, दीडशे ओहममधून, एन-चॅनेलला चालू-बंद व्हायला प्रत्येकी दोन-अडीच मायक्रोसेकंद लागतात. ४९० हर्ट्‌झला हा खर्च नगण्य आहे, वीस हजारला प्रत्येक चालत्या एन-चॅनेलवर तीनेक वॅट जादा पडतात. तेव्हा गेट ड्रायव्हर लावावा किंवा कुई सोसावी. कोंबड्यांनी तक्रार केली नाही, म्हणून आम्ही ४९० वरच राहिलो.

पडदा अडकला तर काय, याचं उत्तर या ब्रिजमध्ये नाही. अडकलेली वायपर मोटार वीस अँपिअर सहज ओढते, तेव्हा अर्ध्या वॅटचे आठ वॅट होतात आणि लहान हीट सिंकवर काही सेकंदच मिळतात. साडेसात अँपिअरचा गाडीचा फ्यूज तारा वाचवतो, मॉसफेट वाचेलच असं नाही. आम्ही दोन्ही टोकांना लिमिट स्विच लावले, आणि पडदा वर जायला लागतो त्याच्या दीडपट वेळ झाला की प्रोग्रॅम चारही बंद करतो.