पदक एका ओळीत मावतं

दादा, वहिनी, पोराने राष्ट्रीय फिजिक्स ऑलिंपियाडमध्ये नाव काढलं, मानखुर्दच्या होमी भाभा केंद्रातल्या शिबिरालाही जाऊन आला. आता परदेशी कॉलेजच्या अर्जात स्वतःबद्दल लिहायचं आहे आणि तुम्ही म्हणता, सगळं पदकाबद्दलच लिहू दे. इथेच जरा थांबा.

आधी एक गोष्ट. सगळीकडे असं निवेदन लागत नाही. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या बी.मॅथला राष्ट्रीय गणित ऑलिंपियाड पार केलेल्या मुलाला लेखी परीक्षेतून सूट देऊन सरळ मुलाखतीला बोलावतात. तिथे फळ्यावर गणित उभं राहिलं की काम झालं. अमेरिकेत मात्र पदकवाले अर्ज ढिगाने येतात. पदकाने दार उघडत नाही असं नाही. २०१६ साली मुंबईची मालविका जोशी दहावी-बारावीचं प्रमाणपत्र नसताना एमआयटीत गेली, ती प्रोग्रामिंग ऑलिंपियाडच्या पदकांच्या बळावर. पण पदकाची जागा फॉर्ममध्ये वेगळी आहे. कॉमन ॲपमध्ये सन्मानांसाठी पाच ओळी आणि एकेका ओळीला शंभर अक्षरं. पदक त्यात मावतं. निबंधाचे साडेसहाशे शब्द त्यावर पुन्हा खर्च केले, तर वाचणाऱ्याला नवीन काय कळणार?

गेल्या वर्षी इथल्याच एका मुलाचा मसुदा वाचला. ‘लहानपणापासून मला विज्ञानाची आवड’ इथून सुरू होऊन शिबिरातल्या अवघड प्रश्नापाशी संपत होता. नाव झाकलं असतं तर तो देशातल्या कुठल्याही पदकवाल्या मुलाचा वाटला असता. मी त्याला विचारलं, परीक्षेचा विषय नसताना तू कुठली गोष्ट डोक्यात घोळवतोस? बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, पप्पांच्या खात्यातला आवाज.

त्याचे वडील जीआयडीसीत लूम चालवतात, बारा मशिनी एकटे सांभाळतात. हा संध्याकाळी डबा द्यायला जातो. मशिनींकडे पाठ करून वडील भाकरी मोडत असतात आणि एकदम उठून नेमक्या सातव्या मशिनीकडे जातात, कारण तिथे तार तुटलेली असते. एवढ्या खडखडाटात त्यांना कळतं कसं? पोराने मोबाइलवर आवाज टिपला आणि घरी कॉम्प्युटरवर त्यातल्या वारंवारता वेगळ्या करायला बसला. प्रत्येक मशीन मिनिटाला साधारण दीडशे ठोके टाकते, पण पट्टा थोडा-थोडा घसरत असल्यामुळे प्रत्येकीचा वेग किंचित वेगळा. आलेखात शिखरं इतकी चिकटून आली की एक मशीन थांबली तरी ती कोणती, हे त्याला ओळखता येईना. जास्त वेळाचं रेकॉर्डिंग घेतलं तर शिखरं वेगळी होतात, पण तेवढ्या वेळात पट्टा पुन्हा घसरून वेगच बदलतो. वडिलांना विचारलं तर ते म्हणाले, ‘अरे, ऐकतो कुठे मी, चाल चुकते.’ एवढंच. कोडं अजून सुटलेलं नाही.

मी म्हटलं, हेच लिही, न सुटलेलं आहे तसंच. या पानावर मुलगा दिसतो. सूत्र माहीत असूनही हरतो, बापाचं ज्ञान आपल्यापेक्षा वरचढ आहे हे ओळखतो आणि तरी प्रश्न सोडत नाही.

त्याच्या आईचं म्हणणं होतं, एकाच खोलीत पाच जण राहतो हे पण लिही, त्यांना दया येईल. वहिनी, त्यासाठी जागा वेगळी आहे. पैशाची हकिगत सीएसएस प्रोफाइल नावाच्या आर्थिक मदतीच्या फॉर्ममध्ये आकड्यांनी सांगायची असते. निबंधात खोली येऊ दे, पण कॉम्प्युटर कुठल्या कोपऱ्यात, कुणाच्या झोपायच्या जागेवर होता एवढ्यापुरती. कौतुक करायचं काम शिक्षकांच्या शिफारसपत्राचं. आणि दोन महिन्यांसाठी उघडलेली समाजसेवा तर घालूच नका, ती लगेच उघडी पडते.

विलायतेचा अर्ज असेल तर हेच पान जसंच्या तसं पाठवू नका. तिथे यूकासच्या फॉर्ममध्ये २०२६च्या प्रवेशापासून तीन ठरावीक प्रश्न आहेत, तिन्ही मिळून चार हजार अक्षरं, आणि रोख विषयाच्या तयारीवर. तिथे बापाचा डबा एका वाक्यात आटपून चिकटलेल्या शिखरांचं फिजिक्स, त्यासाठी काय वाचलं, कुठे अडलं, हे सविस्तर यायला हवं. ऑक्सफर्ड-केंब्रिजची मुदत १५ ऑक्टोबर, म्हणजे सणासुदीच्या धामधुमीत अडकते. गणपतीतच मसुदा तयार ठेवा.

तुम्ही वाचून पाहा, जरूर पाहा. इंग्रजी नीट कळलं नाही तर पोराला मराठीत, नाहीतर घरच्या अहिराणीत सांगायला लावा. सांगताना तो कुठे अडखळला, कुठे एकदम मोठमोठे शब्द आले, तिथे बोट ठेवा. बहुतेक वेळा ती ओळ कुणी तरी पैसे घेऊन लिहून दिलेली निघते.