फाईल उडाली? आधी तिच्या प्रती शोधा

मागच्या महिन्यात एका गटाच्या सचिव ताईंचा रडवेला फोन आला. मोबाईलची मेमरी भरली म्हणून त्यांनी सफाई केली, आणि त्यात कर्ज प्रस्तावाची 9 पानांची पीडीएफ उडाली. बँकेला दिलेले कागदही तिथे सापडत नव्हते. पुन्हा सगळं करायचं तर 11 जणींच्या सह्या हव्यात, आणि दोघी ऊसतोडीला गेलेल्या!

मी त्यांना म्हटलं, ताई, आधी मोबाईलमध्ये काही नवीन टाकू नका आणि व्हॉट्सॲप काढून पुन्हा घेऊ नका. त्याने उरलेल्या प्रतीही जाऊ शकतात. मग एकच प्रश्न विचारला: ही फाईल कुठून आली आणि कुणाकुणाला गेली? जिथे जिथे फाईल गेली, तिथे तिथे तिची एक प्रत उरलेली असू शकते.

डाउनलोड: फाईल्स ॲपमध्ये Downloads उघडलं. त्याच नावाची, पुढे (1) लागलेली पीडीएफ मिळाली. ताई खूश झाल्या, पण पानं मोजली तर 7. ती जुनी, सह्यांआधीची निघाली. म्हणून नाव बघून थांबू नका. पानं, तारीख आणि सह्या बघा.

व्हॉट्सॲप: ताईंनी सीआरपी ताईंना सह्यांच्या पानाचा फोटो पाठवला होता. तो त्यांच्या मोबाईलमध्ये होता, पण अक्षरं पुसट. व्हॉट्सॲप फोटो लहान करून पाठवतं. तेच पान डॉक्युमेंट म्हणून पाठवलं असतं तर जसंच्या तसं राहिलं असतं. अशी कागदपत्रं मोबाईलच्या WhatsApp Documents फोल्डरमध्ये असतात. आपल्याकडून उडाली तरी समोरच्या ताईंनी डाउनलोड केलेली असतील, तर त्यांच्याकडून परत मागवता येतात.

गॅलरीतली छोटी चित्रं: काही मोबाईलमध्ये मूळ फोटो गेला तरी .thumbnails या लपलेल्या फोल्डरमध्ये त्याचं छोटं चित्र उरतं. ताईंच्या मोबाईलमध्ये सह्यांच्या पानाचं तसं चित्र होतं. पण ते मोठं केलं की नुसते ठिपके दिसतात. फोटो काढला होता एवढंच त्यावरून कळतं. बँकेला ते चालत नाही.

ईमेल: शेवटी आठवलं की पीडीएफ गावातल्या संगणक केंद्राने स्कॅन करून ताईंच्या जीमेलवर पाठवली होती. जीमेलच्या शोधपट्टीत हे टाकलं:

```
has:attachment filename:pdf
```

तिसऱ्याच मेलमध्ये पूर्ण 9 पानं, सह्यांसकट! मोबाईलमधली फाईल पुसली तरी मेलला जोडलेली प्रत तशीच राहते. मेल पुसला असेल तर Trash मध्ये बघा. तिथे तो 30 दिवस राहतो, पण वरच्या शोधात दिसत नाही. त्यासाठी in:trash असं टाका.

आता त्या गटाने ठरवलंय, सह्या झाल्या की पीडीएफ त्याच दिवशी अध्यक्ष ताईंच्या जीमेलवरही पाठवायची. पुढच्या बैठकीत तुमच्या गटाच्या प्रस्तावाची प्रत कुणाकुणाकडे आहे, ते इतिवृत्तात लिहून ठेवा.