पगाराचा रकाना

भोसरी एमआयडीसीत आपल्यापैकी अनेकांची कथा सारखीच आहे. भाड्याची शेड, दोन सीएनसी, सहा माणसं आणि चाकणच्या कंपनीचं जॉबवर्क. आमचा ऑपरेटर गावी गेला, तेव्हा डिप्लोमा झालेला मुलगा ‘चार दिवस’ म्हणून शेडवर आला आणि वर्ष उलटलं. घरच्या पोराला पगार कोण देतो? पेट्रोलचे पैसे दिले की झालं.

मग त्याच्या नोकरीच्या अर्जात रकाना आला : शेवटचा पगार. मी म्हटलं, आण लेटरहेड. हुद्दा मॅनेजर, महिना अठरा हजार.

तो म्हणाला, “बाबा, वर्षाचे 2,16,000 झाले. तुमच्या रिटर्नमध्ये हा पगार कुठे आहे?”

खरंच नव्हता. त्याच्या बँक खात्यातही नव्हता. मोठ्या कंपन्या हल्ली रुजू करून घेण्याआधी पडताळणी करतात. सॅलरी स्लिप, फॉर्म 16, पीएफचा यूएएन मागतात. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर साधारणपणे पीएफ लागू होत नाही, त्यामुळे आपल्याकडे यूएएन नसणं हा गुन्हा नाही. पण पगाराचं पत्र आणि मागे एकही नोंद नाही, तिथे प्रश्न पडतो. त्यात सहीखाली तेच आडनाव!

शेवटी त्याने लिहिलं : ‘वडिलांच्या वर्कशॉपमध्ये पूर्णवेळ काम, वेतन नाही.’ पगार शून्य. हुद्द्याच्या जागी काम लिहिलं : बुशचं फर्स्ट पीस इन्स्पेक्शन, चलन, मालाची मोजदाद.

त्याखाली एकच गोष्ट सविस्तर. शिफ्ट संपत आली की प्लग गेजचं ‘गो’ टोक बोअरमध्ये जाईना. इन्सर्ट झिजला की बोअर लहान होतो. त्याने दर वीस पीसला मोजून रजिस्टरमध्ये लिहायला सुरुवात केली आणि वेळीच ऑफसेट द्यायला लागला. हजाराच्या लॉटमागे चाळीसेक पीस रिजेक्ट व्हायचे, ते दहाच्या आत आले. ऑफसेट द्यायला आमच्या जुन्या ऑपरेटरने शिकवलं, हेही त्याने सांगितलं. ओळख देणारा म्हणून माझं नाव टाळलं आणि ज्यांच्याकडे माल जायचा त्या क्वालिटीवाल्या साहेबांचं, त्यांना आधी विचारून, दिलं.

मुलाखतीत पगारावर एक प्रश्न आला, बोअरवर सहा. पडताळणीसाठी मला फोन आला तेव्हा मीही तेच म्हणालो : मुलगा माझा, पगार दिलेला नाही.

हे वर्ष त्यांनी अनुभवात धरलं नाही. ट्रेनी म्हणूनच घेतलं, फ्रेशरच्या पगारावर. मला ते लागलं, खोटं कशाला बोलू? आता धाकटी मुलगी शेडवर बसते; तिचं असं होऊ नये म्हणून तिचे पैसे दर महिन्याला तिच्या खात्यात जातात आणि वह्यांत पगार म्हणून लिहिले जातात.

मुलाखतीला नेलेलं रजिस्टर पोराने परत आणून दिलं. दर वीस पीसला आता ती लिहिते.