साहेब जागेवर नाहीत, हे जपानीत कसं सांगायचं?

'मिन्ना नो निहोंगो'चे ४९ आणि ५० हे शेवटचे दोन धडे आदराच्या क्रियापदांचे आहेत. ते संपवून एन-थ्रीच्या तयारीला लागलेल्या मुलांकडून मी किनवटात कचेरीतले संवाद करून घेते. त्यातून जे हाती लागलं ते असं.

१. सगळ्यात जास्त चुका फोनच्या संवादात होतात. आपल्या तहसिलीत कुणीही फोन केला तरी उत्तर एकच, "साहेब दौऱ्यावर गेलेत." विचारणारा कोण का असेना, साहेबांचा मान ठरलेला. जपानीत तो विचारणाऱ्यावर ठरतो. बाहेरच्या कंपनीचा माणूस विचारतो, "तानाका-बुचो वा इराश्शाइमासु का?" बुचो म्हणजे विभागप्रमुख. मराठी पोरगं लगेच "तानाका-सान वा..." सुरू करतं. बरोबर उत्तर आहे, "तानाका वा तादाइमा सेकि ओ हाझुशिते ओरिमासु," म्हणजे ते सध्या जागेवर नाहीत. इथे सान नाही, बुचो नाही आणि 'इराश्शारु'च्या जागी नम्र 'ओरु'. बाहेरच्यापुढे साहेब आपल्या घरातले, म्हणून त्यांनाही आपल्यासोबत खाली बसवायचं. फोन ठेवताच शेजारच्या सहकाऱ्याने हेच विचारलं, तर मात्र "बुचो वा... इराश्शाइमासु". आणि फोन साहेबांच्या पत्नीचा असेल तर? ती त्यांच्या बाजूची, त्यामुळे तिच्याशी बोलतानाही साहेबांना मान द्यायचा. हा तिसरा फोन सरावात मुद्दाम घालावा. पाठ करून आलेले तिथेच पकडले जातात.

२. वाक्य गोड वाटलं की मुलं ते बरोबर धरतात. "उकेत्सुके दे उकागात्ते कुदासाइ" म्हणजे स्वागतकक्षात विचारा. ऐकायला छान, पण 'उकागाउ' हे स्वतःच्या कृतीला कमीपणा देणारं क्रियापद, आणि इथे विचारणार आहे ग्राहक. म्हणजे नमवलं ग्राहकालाच! "ओताझुने कुदासाइ" हवं. क्रियापद निवडण्याआधी कर्त्यावर बोट ठेवायला सांगते.

३. जाण्यासाठी 'माइरु' आणि 'उकागाउ' दोन्ही नम्र, म्हणून तक्त्यात एकाच रकान्यात बसतात. पण 'उकागाउ'ला समोर मानाचं ठिकाण लागतं. ग्राहकाच्या कचेरीत जायचं तर "उकागाइमासु". धाकट्या भावाकडे नांदेडला जायचं तर "माइरिमासु", कारण तिथे नम्रता भावापुढे नसून ऐकणाऱ्यापुढे आहे. जपानच्या सांस्कृतिक परिषदेने २००७च्या मार्गदर्शिकेत याच फरकामुळे नम्र रूपांचे दोन वर्ग केले. जुने तक्ते ते दाखवत नाहीत.

४. 'ओश्शारु'वर आणखी 'रेरु' चढवून 'ओश्शारारेरु' करू नये. एक मान पुरे.

५. जेएलपीटीत बोलण्याची परीक्षाच नाही. त्यामुळे एन-थ्री पास झालेल्याच्या तोंडूनही फोनवर 'तानाका-सान' निसटतं. तेव्हा हे संवाद वहीत सोडवू नका; जोडीदाराला खरोखर फोन लावा, आणि कोण बोलतोय हे त्याला दरवेळी बदलायला सांगा.